ठिपका, त्रिकोण आणि मेनूचा धूसर फोटो

शाकाहारी-मांसाहारीचा ठिपका आपल्याला इतका सवयीचा झालाय की तो कायम होताच असं वाटतं. खरं तर तो या शतकातला आहे आणि त्याची दोन रूपं एकाच वेळी आलेली नाहीत. आधी आला मांसाहाराचा. एप्रिल 2000 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती झाली आणि पाकिटावर चौकोनात तपकिरी ठिपका छापणं सक्तीचं झालं. हिरव्या ठिपक्याचा नियम निघाला डिसेंबर 2001 मध्ये आणि लागू झाला जून 2002 मध्ये. म्हणजे मधल्या काळात ‘खूण नाही’ याचा अर्थ ‘शाकाहारी’ असा घ्यायचा होता. छापायचं राहून गेलं असेल तर? ते कोऱ्या जागेवरून कळायला मार्ग नव्हता.

बाय द वे, तो रंग लाल नाही. आपण सगळे ‘लाल ठिपका’ म्हणतो, कित्येक हॉटेलं छापतातही लालच, पण नियमात तो तपकिरी आहे. आणि खरी गोची इथेच होती. दोन्ही खुणांचा आकार एकच, चौकोनात गोल. सगळा अर्थ रंगावर सोपवलेला, तोही हिरवा आणि तपकिरी, म्हणजे लाल-हिरवा रंगांध असणाऱ्याला नेमके सारखे दिसणारे. माझ्या टीममधला एक जण शाकाहारी आहे आणि रंगांधही. तो ठिपका बघतच नाही, थेट घटकांची यादी वाचतो. 2020 च्या लेबलिंग नियमांनी हे सुधारलं: मांसाहारासाठी गोलाऐवजी तपकिरी त्रिकोण आला. मेनूकार्डांवर मात्र जुना गोल अजून सर्रास दिसतो.

ही खूण मुळात पाकिटासाठी आखलेली होती. नियमात तिचं मापही आहे. अगदी लहान पाकिटावरसुद्धा ठिपक्याचा व्यास किमान 3 मिलिमीटर हवा. आता हीच खूण मेनूत बघा. ‘शुक्रवारी इथे जायचं का?’ म्हणत कुणीतरी ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकतं. समजा पान ए-फोर आहे, म्हणजे उंची 297 मिलिमीटर, आणि पाठवताना फोटो आक्रसून लांब बाजू 1600 पिक्सेल उरली. मग एका मिलिमीटरला साधारण पाच पिक्सेल मिळतात. मेनूवरचा दीड मिलिमीटरचा ठिपका आठ पिक्सेलचा झाला. त्यात जेपेग रंगाची माहिती सहसा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवतं, कारण आपल्या डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही. म्हणजे रंगापुरता तो ठिपका चार पिक्सेल रुंद. त्यांतले कडेचे भोवतालच्या कागदाच्या रंगात मिसळलेले. वर हॉटेलातला पिवळा दिवा. हिरवा शेवाळी होतो, तपकिरीही त्याच बाजूला सरकतो.

अशा वेळी मी ठिपक्याचा रंग एकटा बघत नाही, त्याच फोटोतल्या दुसऱ्या ठिपक्याशी ताडून बघतो. ‘पनीर टिक्का’ आणि ‘चिकन टिक्का’ यांत शंका नसते. ते दोन ठिपके झूम करायचे आणि मग ‘हॉट अँड सावर सूप’चा कुठल्याशी जुळतो ते बघायचं. उजेड सगळ्या पानावर सारखा पडलेला असेल तर हे चालतं. अर्धं पान सावलीत असेल तर त्याच अर्ध्यातले ओळखीचे पदार्थ निवडायचे. त्रिकोण छापलेला असेल तर इतका खटाटोप लागत नाही, कारण आकार उजेडाच्या माहितीतून येतो आणि ती पूर्ण बारकाईने टिकलेली असते. अगदी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही टोक दिसतं.

ॲलर्जीच्या चिन्हांना हा आधार नाही. 2020 चे नियम मेनूवर ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यायला सांगतात, पण त्यांची चित्रं ठरवून देत नाहीत. त्यामुळे गव्हाची लोंबी कुठे ‘ग्लुटेन आहे’ म्हणून काढतात, कुठे तिच्यावर तिरकी रेघ मारून ‘ग्लुटेन नाही’ म्हणून. ती रेघ केसाएवढी बारीक. फोटोत तीच आधी पुसली जाते आणि अर्थ बरोबर उलटा होतो. म्हणून चित्र वाचण्याआधी पानाच्या तळाशी असलेला खुलासा शोधायचा, आणि फोटोत तळ कापला गेला असेल तर तो पुन्हा मागवायचा.

शिवाय यादीतच काय आहे तेही बघावं लागतं. युरोपात 14 घटक सांगणं बंधनकारक आहे, त्यात तीळ आणि मोहरी आहेत. आपल्या आठ गटांत ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, शेंगदाणे-सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. तीळ नाहीत, मोहरीही नाही! फोडणी आणि वाटणाच्या देशात हे मला अजून पचलेलं नाही. तिळाची ॲलर्जी असलेल्याला आपल्याकडच्या मेनूवर चिन्ह दिसलं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. 2000 सालच्या कोऱ्या जागेसारखंच. फोन करून स्वयंपाकघरात विचारायचं, आणि ‘ॲलर्जी आहे का’ असं मोघम नाही, तर ‘वाटणात तीळ घालता का’ असं.

राहिल्या मिरच्या. त्यांना कुठलाच नियम नाही. तीन मिरच्या म्हणजे त्याच कार्डावरच्या दोन मिरच्यांपेक्षा तिखट, एवढंच. फक्त लाल मिरची ठिपक्याला चिकटून छापलेली असेल तर झूम करा, नाहीतर पनीर कोल्हापुरी मांसाहारी वाटायची.