तुणतुणे : कानाने ठेवलेले नाव

वाद्यांची नावे दोन वाटांनी येतात. काही नावे डोळ्यांनी ठेवलेली असतात, काही कानांनी. फिरत्या गायकांच्या हातातील साध्या तंतुवाद्यांत या दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. एकतारी हे नाव तार मोजून ठेवले. तुणतुणे हे नाव ध्वनी ऐकून. यांपैकी अधिक नेमके नाव कोणते, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

तार मोजायची तर तुणतुण्यालाही एकच तार असते. तरीही त्याला कोणी एकतारी म्हणत नाही. भजन गाणाऱ्याच्या एकतारीत भोपळ्याच्या आरपार दांडी गेलेली असते आणि तार घोडीवर टेकून तबकडीला समांतर धावते. सूर संथ निघतो आणि रेंगाळतो. तुणतुण्याची रचना अगदी वेगळी. लाकडी पोकळ नळकांड्याचे तोंड खाली चामड्याने मढवलेले, वरचे उघडे. बाहेरच्या अंगाला उभी काठी जोडलेली. तार चामड्याच्या मध्याला भोक पाडून ओवतात, ती निसटू नये म्हणून पलीकडे लहानसा तुकडा अडकवतात आणि पोकळीतून वर नेऊन काठीच्या खुंटीला बांधतात. म्हणजे येथे तार चामड्यावर पसरलेली नसून त्यातून उभी निघालेली असते.

हाच फरक ध्वनीत उतरतो. काडीने तार छेडताच ती चामड्याला ओढते, चामडे परत फिरते आणि नाद क्षणात उमटून मिटतो. आमच्या मते ‘तुण’ या अक्षरांत ही सारी क्रिया आली आहे : आरंभीचा आघात ‘त’मध्ये, पोकळीचा घुमारा ‘उ’मध्ये आणि तारेचा नाकातला शेवट ‘ण’मध्ये. घंटेला आपण ‘टणटण’ म्हणतो, कारण तेथे पोकळीचे चामडे नसते. वाजवणारा लयीत पुनःपुन्हा छेडतो, म्हणून अक्षरेही दुहेरी झाली. खुळखुळ यावरून जसा खुळखुळा, तसेच तुणतुण यावरून तुणतुणे.

मोजून ठेवलेली नावे किती फसवी असतात, याचा दाखला बंगालमध्ये मिळतो. तेथील दोतारा नावाने दोन तारांचा. प्रत्यक्षात त्याला बहुधा चार किंवा अधिक तारा असतात. पण त्याच प्रांतातील बाउल गायक काखेत धरून, एका हाताने तार ताणीत जे वाद्य वाजवतात, त्याचे ‘गुबगुबी’ हे नाव ऐकणाऱ्याला फसवीत नाही. तारेचा ताण बदलताच सूर घसरतो, चढतो, आणि कानी खरोखरच ‘गुबगुब’ येते. त्याला एक तार असो वा दोन, नावाचे काही बिघडत नाही. आपल्याकडे याच जातीचे चौंडके बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगती वाजवतात. तुणतुण्यात मात्र गाताना ताण बदलत नाहीत. म्हणून त्याचा ‘तुण’ जागचा हलत नाही.

पंडितांनाही या वाद्यांचे वर्गीकरण सोपे गेले नाही. होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली केलेल्या वर्गवारीत बंगालच्या अशा वाद्यांना तंतुवाद्यांत न घालता ‘छेडलेले ढोल’ म्हणून चर्मवाद्यांत बसवले. तार की चामडे, हा वाद त्यांना सोडवावा लागला. ‘तुणतुणे’ म्हणणाऱ्याला तो पडलाच नाही, कारण त्याच्या नावात दोन्हींचा आवाज होता.

परंतु कानाने ठेवलेल्या नावालाही एक धोका असतो. ‘तेच तुणतुणे वाजवणे’ या वाक्प्रचाराने या वाद्याला रटाळपणाचे प्रतीक केले. गोंधळात संबळाशेजारी किंवा शाहिराच्या डफामागे ते ऐकले, तर हा अन्याय कळतो. सूर न बदलणे हेच तेथे त्याचे काम आहे. उघड्या मैदानात, आरोळ्यांत आणि डफाच्या कडकडाटात गायकाला आपला षड्ज हरवू न देणे आणि त्याच हाताने लयही राखणे, ही दोन कामे ती एक तार करते. हे काम तसे नाजूकही आहे. पावसाळी हवेत चामडे सैल पडते, सूर उतरतो, आणि ‘तुण’ ऐवजी बोदा, घोगरा ध्वनी निघू लागतो. मग खुंटी पिळावी लागते किंवा वाद्य शेकावे लागते. ते बिघडल्याचे पहिले लक्षण असे की, त्याचे नाव त्याला शोभेनासे होते.

संग्रहालयाच्या कपाटात ठेवलेल्या तुणतुण्याखाली ‘एकतारी वाद्य’ एवढीच चिठ्ठी लावली, तर तार मोजली जाते आणि वाद्य हरवते. त्याचे खरे वर्णन त्याच्या नावातच आहे. ते मात्र वाजवून ऐकावे लागते.