दीडशे व्होल्टपाशी

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला मी आधी दोन चिठ्ठ्या दाखवते. १९६१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी प्रयोग सुरू केले, तेव्हा येणारा प्रत्येक माणूस त्यातली एक चिठ्ठी उचलायचा. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून तो आलेला असे. स्मरणशक्तीवरच्या अभ्यासासाठी माणसं हवी आहेत, तासाभराचे चार डॉलर आणि जाण्यायेण्याचे पन्नास सेंट मिळतील, असं तीत म्हटलं होतं. खोलीत त्याच्यासारखाच दुसरा एक गृहस्थ बसलेला असायचा, सत्तेचाळिशीचा, साध्या वागण्याचा हिशेबनीस. चिठ्ठ्या उचलून एकाने शिक्षक व्हायचं, दुसऱ्याने विद्यार्थी. दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ असंच लिहिलेलं होतं. हिशेबनीस संशोधकांचाच माणूस होता. तो आपल्या चिठ्ठीवर ‘विद्यार्थी’ आहे असं सांगायचा आणि पलीकडच्या खोलीतल्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून घ्यायचा.

सामाजिक मानसशास्त्रातला पुढचा सगळा वाद या दोन चिठ्ठ्यांपासून सुरू होतो, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबायचं.

शिक्षकापुढे एक यंत्र ठेवलेलं असे. त्यावर एका ओळीत तीस बटणं होती, १५ व्होल्टपासून १५-१५ने चढत ४५०पर्यंत. बटणांच्या गटांखाली सौम्य धक्क्यापासून तीव्र धक्क्याच्या धोक्यापर्यंतच्या पाट्या होत्या आणि शेवटच्या दोन बटणांखाली नुसत्या तीन फुल्या. शब्दांच्या जोड्या वाचून दाखवायच्या, मग विद्यार्थ्याला विचारायचं, आणि तो चुकला की पुढचं बटण दाबायचं, असं काम होतं. शिक्षक अडला की प्रयोगकर्ता चार ठरलेल्या वाक्यांनी त्याला पुढे जायला सांगायचा. सुरुवातीला शिक्षकाला स्वतःला ४५ व्होल्टचा नमुना दिला जाई, म्हणजे यंत्र खरं आहे असं वाटावं. विद्यार्थ्याला प्रत्यक्षात एकही धक्का बसत नव्हता.

एवढी खबरदारी का, हे समजायला या संशोधनाची वंशावळ पाहावी लागते. मिलग्रॅम हे सॉलोमन ॲश यांच्या हाताखाली काम केलेले. ॲशनी १९५०च्या दशकात माणसांना रेषा दाखवल्या आणि तीन रेषांपैकी कोणती नमुन्याएवढी लांब आहे, एवढंच विचारलं. टेबलाभोवतीचे बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले असत आणि ठरलेल्या फेऱ्यांना एकमुखाने चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांमधली सुमारे एकतृतीयांश उत्तरं त्या गटाच्या मागे गेली. शेजारी एक जण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने उतरायचं. मिलग्रॅमना या प्रयोगात एक उणीव जाणवत होती. रेषेची लांबी चुकली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. जिथे दुसऱ्याला इजा होते, तिथे माणूस काय करेल? त्याच १९६१ साली जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालू होता, आणि न्यू यॉर्कच्या ज्यू घरात वाढलेल्या मिलग्रॅमसाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

पहिल्या प्रसिद्ध मांडणीत चाळीस पुरुष होते. त्यांतले सव्वीस ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा ६५ टक्क्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, आणि माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे, कारण तो एकटा फार कमी सांगतो. मिलग्रॅमनी मांडणी पुन्हा पुन्हा बदलून पाहिली. विद्यार्थी त्याच खोलीत आणून बसवला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० टक्के उरले. त्याचा हात धरून धातूच्या पट्टीवर दाबावा लागे, तेव्हा ३० टक्के. शेजारी बसवलेल्या दोन बनावट शिक्षकांनी मध्येच काम नाकारलं, तेव्हा चाळिसातले फक्त चार शेवटपर्यंत गेले. एकाच गावची ही माणसं, पण खोलीतली बसण्याची जागा बदलली की त्यांचं आज्ञापालनही बदलत होतं.

ज्या मांडण्यांत विद्यार्थ्याचा आवाज ऐकू यायचा, त्यांत १५० व्होल्टला तो पहिल्यांदा ओरडून सांगायचा की मला बाहेर काढा, मला हे पुढे करायचं नाही. डॉमिनिक पॅकर यांनी २००८मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा आज्ञा मोडण्याची शक्यता नेमकी याच बटणापाशी सर्वांत जास्त असल्याचं दिसलं. पुढच्या किंकाळ्यांनी तेवढा फरक पडला नव्हता. समोरचा आपला हक्क सांगतो, त्या क्षणी थांबला तो थांबला.

आता त्या शिक्षकांकडे पाहू. त्यांना घाम फुटत होता, ते थरथरत होते, ओठ चावत होते. पहिल्या चाळिसांपैकी चौदा जण भेदरून हसत होते आणि तिघांना अनावर झटके आले. हे सगळं मिलग्रॅमनी स्वतःच १९६३च्या लेखात नोंदवलं आहे. पुढच्या वर्षी डायना बॉमरिंड यांनी हाच मजकूर त्यांच्यापुढे धरला. माणूस प्रयोगशाळेत विश्वासाने येतो, तिथल्या संशोधकाचं ऐकण्याची त्याची तयारी असते. त्याच तयारीचा उपयोग करून त्याला असं भोगायला लावायचं आणि त्याचा आत्मसन्मान दुखावायचा, हे योग्य कसं, असं त्यांनी विचारलं. मिलग्रॅमनी नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीचा दाखला दिला. उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांनी भाग घेतल्याचा आनंद वाटतो असं कळवलं होतं.

मला बॉमरिंड यांचं म्हणणं पटतं, आणि ही प्रश्नावली हे त्याचं पुरेसं उत्तर नाही असंही वाटतं. ज्याला आपल्या हातून काय झालं हे कळलं आहे, त्याला विज्ञानासाठी हातभार लावल्याचं समाधान हा एक आधार असतो. तो आधार त्याने धरला, म्हणून त्याच्यावर अन्याय झाला नव्हता असं ठरत नाही. शिवाय येलमध्ये जपलेली ध्वनिमुद्रणं आणि कागद पाहून जीना पेरी यांनी २०१२मध्ये दाखवलं की अनेकांना त्या दिवशी खरी गोष्ट सांगितलीच नव्हती. धक्के वाटले तेवढे जोराचे नव्हते, एवढंच ऐकून ते घरी गेले, आणि पूर्ण खुलासा असलेला अहवाल त्यांना काही महिन्यांनी टपालाने मिळाला.

याच कागदांनी दुसरीही शंका उभी केली. प्रश्नावलीत धक्के खरे होते असं पूर्ण मानणारे निम्म्याहून थोडेच अधिक निघाले, आणि पूर्ण विश्वास असणारे लवकर थांबण्याकडे झुकलेले दिसतात. म्हणजे फसवणूक फसली तर निष्कर्ष डळमळतो, आणि साधली तर माणूस पोळतो. नीतीचा प्रश्न आणि शास्त्राचा प्रश्न इथे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. दोन्हींची मुळं त्या चिठ्ठ्यांतच आहेत.

सगळी दारं बंद झाली असं मात्र नाही. जेरी बर्गर यांनी २००९मध्ये हाच प्रयोग नव्या अटींवर केला. मानसिक त्रासाची शक्यता असलेल्यांना आधीच वगळलं, कधीही निघून जाता येईल आणि पैसे तरीही मिळतील हे तीनदा सांगितलं, आणि १५० व्होल्टनंतर प्रयोग थांबवून लगेच सगळा खुलासा केला. मूळ मांडणीसारख्या गटात ७० टक्के लोक त्यापुढे जायला तयार होते. प्रयोगकर्त्याची चार ठरलेली वाक्यंही त्यांनी नंतर तपासली. ‘कृपया सुरू ठेवा’ या पहिल्या वाक्याने बरेच जण पुढे गेले. ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही’ हे चौथं वाक्य ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. ज्याला आपण आज्ञापालन म्हणत आलो, ते खरोखर आज्ञेचं होतं की चांगल्या कामाला हातभार लावण्याच्या इच्छेचं, असा प्रश्न आता ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीव्हन रायकर विचारतात. विनंतीपुढे वाकणारा माणूस हुकमापुढे का अडतो, हे त्यातून कळू लागलं आहे.

बर्गर यांच्या खोलीतही यंत्र तसंच होतं, तीस बटणांचं. अकराव्या बटणापासून पुढची सगळी बटणं कुणीच दाबली नाहीत. ते सत्तर टक्के लोक ४५०पर्यंत गेले असते का, हे जाणून घेण्याचा हक्क बर्गर यांनी सोडून दिला होता.