लोहाचे परमँगनेट अनुमापन

द्रावणातील फेरस लोहाचे प्रमाण पोटॅशियम परमँगनेटच्या प्रमाण द्रावणाने काढण्याची रेडॉक्स पद्धत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गेरित यांनी ती 1846 मध्ये मांडली. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेटचा एक आयन पाच फेरस आयनांचे फेरिकमध्ये ऑक्सिडीभवन करतो :

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

परमँगनेट गर्द जांभळे असते, तर त्यापासून होणारा मँगनस आयन विरल द्रावणात जवळजवळ रंगहीन. त्यामुळे शंकुपात्रात फेरस शिल्लक असेपर्यंत ब्यूरेटमधून पडणाऱ्या प्रत्येक थेंबाचा रंग नाहीसा होतो. फेरस संपल्यावर पडलेला थेंब मात्र सगळ्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा देतो. हाच अंत्यबिंदू, वेगळा दर्शक लागत नाही. छटा सुमारे अर्धा मिनिट टिकली की वाचन घ्यावे. पुढे ती विरली तरी आणखी थेंब घालू नये, कारण जादा परमँगनेट मँगनस आयनांशीच सावकाश अभिक्रिया करत असते. ब्यूरेटमधील द्रावण इतके गडद असते की पातळीची खालची कड दिसत नाही. म्हणून दोन्ही वाचने वरच्या कडेवर घेतात.

उदाहरणार्थ, 9.80 ग्रॅम मोहर क्षार विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवून 250 मिलि. द्रावण केले. त्यातील 25 मिलि. द्रावणाला 0.02 मोलर परमँगनेट 24.6 मिलि. लागले. म्हणजे परमँगनेट 0.492 मिलिमोल आणि त्याच्या पाचपट, 2.46 मिलिमोल फेरस. संपूर्ण द्रावणात लोह 1.374 ग्रॅम, म्हणजे क्षाराच्या 14.0 टक्के. शुद्ध क्षारात ते 14.24 टक्के असते. इतकी तूट दिसली की क्षारातील थोडे फेरस हवेने आधीच फेरिक झाले असावे, ही पहिली शंका घ्यावी.

आम्लाची निवड ही या पद्धतीची खरी कसोटी आहे. अभिक्रियेत हायड्रोजन आयन खर्च होतात; ते अपुरे पडले तर परमँगनेटचे क्षपण मँगनीज डायऑक्साइडपाशीच थांबते आणि द्रावण तपकिरी, गढूळ होते. असे झालेले अनुमापन टाकून द्यावे. ॲसेटिक आम्ल याच कारणाने दुबळे ठरते. नायट्रिक आम्ल स्वतःच फेरसचे ऑक्सिडीभवन करू शकते, त्यामुळे वाचन कमी येते. हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडचे परमँगनेटमुळे क्लोरीन होते, त्यामुळे वाचन वाढते. लोहाच्या अनुपस्थितीत ही अभिक्रिया मंद असते, पण फेरसची अभिक्रिया चालू असताना तिला वेग येतो. म्हणून धोका नेमका इथेच. सल्फेटमधील गंधक मात्र आधीच आपल्या सर्वोच्च ऑक्सिडीभवन अवस्थेत (+6) असते, आणि विरल सल्फ्युरिक आम्ल फेरसला ऑक्सिडीकृत करत नाही. ते भरपूर हायड्रोजन आयन पुरवते आणि दोन्ही बाजूंनी तटस्थ राहते.

लोहखनिज मात्र बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लातच विरघळवावे लागते. तेव्हा अनुमापनापूर्वी झिमरमन-राइनहार्ट मिश्रण घालतात. त्यातील मँगनस सल्फेट क्लोराइडचे ऑक्सिडीभवन रोखते, तर फॉस्फोरिक आम्ल फेरिकला रंगहीन संयुगात बांधून त्याचा पिवळेपणा घालवते, म्हणजे गुलाबी छटा स्पष्ट दिसते.