जिन्यातल्या पाटीची गोष्ट

आपल्या जिन्यातली पहिली पाटी बिल्डरने लावलेली, इंग्रजीत. पुढे तिची मराठी झाली : ‘आग लागल्यास उद्वाहनाचा वापर करू नये.’ शब्द शुद्ध, पण उद्वाहन म्हणजे लिफ्ट हे किती जणांना ठाऊक? शिवाय मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. धुरात शेवटचा शब्द दिसला नाही, तर उरते ‘वापर करू’, म्हणजे नेमके उलटे! आणि वीज गेली की लिफ्ट मध्येच अडकते. म्हणून नव्या पाटीवर जे करायचे तेच आधी, ठळक अक्षरांत आले : ‘जिन्याने खाली उतरा.’ त्याखाली ‘लिफ्ट नको’ आणि ‘फोन १०१’.

आपल्या सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूही घरोघरी. चारही भाषा एका पाटीवर घातल्या, तर अक्षरे बारीक होतात. तिथे चित्र कामाला आले. १९७२ साली जपानच्या ओसाका शहरात एका इमारतीच्या आगीत ११८ माणसे गेली. त्यानंतरच्या वर्षांत तिथे दारातून पळणारा हिरवा माणूस तयार झाला आणि जगभर पोचला. तोच आपल्या मजल्यांवर आहे. रंगकामानंतर पाटी परत लावताना त्याचे तोंड जिन्याकडेच आहे ना, एवढे मात्र बघायचे.