केशरंगाचे विसरण

केशरंगाचे विसरण म्हणजे रंगद्रव्याचे रेणू केसाच्या पृष्ठभागावरून आतील भागात शिरण्याची आणि धुताना तेथून बाहेर पडण्याची क्रिया. केसाच्या बाहेरील बाजूस एकावर एक बसलेल्या सपाट खवल्यांची उपत्वचा असते. तिच्या आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा जाड थर असतो. त्याला बाह्यक म्हणतात. रंग टिकायचा असेल, तर तो बाह्यकात पोहोचावा लागतो.

प्रवेश

पाण्याने केस फुगतो आणि केराटिनच्या साखळ्यांमधील जागा वाढते. अमोनियासारख्या अल्कधर्मी पदार्थामुळे ही फुगवण आणखी वाढते. रेणू खवल्यांच्या फटींतून व पेशींमधील सांध्यांतून आत सरकतात. हे मार्ग अरुंद असल्याने रेणूचा आकार वाढतो तसा विसरणाचा वेग झपाट्याने घटतो. फार मोठे रेणू पृष्ठभागावरच राहतात आणि एक-दोन धुण्यांत निघून जातात.

आकार व टिकाऊपणा

ज्या वाटेने रेणू आत येतो, त्याच वाटेने तो बाहेर पडतो. त्यामुळे बाह्यकात पोहोचलेल्या रंगांपैकी लहान रेणूंचे रंग लवकर धुतले जातात. अर्धस्थायी रंगांतील नायट्रो रंगद्रव्ये बहुधा एकाच वलयाची असतात. ती सहज शिरतात, पण काही धुण्यांतच फिकी पडतात.

स्थायी रंगात ही अडचण रेणू आत गेल्यावर मोठा करून सोडवली जाते. पॅराफेनिलीनडायअमाइन (पीपीडी) या रंगहीन पदार्थाचे रेणुवस्तुमान सुमारे १०८ असते. तो बाह्यकात शिरल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड त्याचे ऑक्सिडीभवन करते आणि तयार झालेले क्रियाशील रेणू एकमेकांशी किंवा रेसॉर्सिनॉलसारख्या जोडद्रव्याशी संयोग पावतात. केवळ पीपीडीचे तीन रेणू जोडले गेल्यास हायड्रोजनचे सहा अणू वजा होऊन सुमारे ३१८ रेणुवस्तुमानाचे रंगीत संयुग बनते. धुतल्यावर केसाची फुगवण उतरते आणि हा मोठा रेणू आत अडकतो.

अपवाद व मर्यादा

टिकाऊपणा केवळ आकारावर ठरत नाही. मेंदीतील लॉसोनचे रेणुवस्तुमान सुमारे १७४ असूनही तिचा रंग दीर्घकाळ टिकतो, कारण लॉसोन केराटिनशी रासायनिक बंधाने जोडले जाते. बाजारातील ‘काळी मेंदी’ मात्र अनेकदा पीपीडीमिश्रित असते. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस असल्याने काही मिनिटांत चढणारा काळा रंग हे भेसळीचे लक्षण होय. पीपीडीचा लहान रेणू त्वचेतही शिरतो आणि काही व्यक्तींमध्ये तीव्र अधिहर्षता निर्माण करतो.

विरंजन केलेल्या केसांत उपत्वचा झिजलेली व बाह्यक सच्छिद्र असते. अशा केसांत रंग लवकर चढतो आणि लवकर उतरतोही. लांब केसांची जुनी टोके मुळांपेक्षा आधी फिकी दिसतात, ती याच कारणाने.