सांस्कृतिक पूर्वज्ञान आणि वाचन-आकलन

अपरिचित संस्कृतीतील उतारा वाचताना पूर्वज्ञान अपुरे पडल्यास वाचक रिकाम्या जागा बहुधा स्वतःच्या संस्कृतीतील कल्पनांनी भरतो. स्टेफेन्सन, जोग-देव आणि अँडरसन यांच्या १९७९ मधील अभ्यासात भारतीय व अमेरिकी वाचकांना दोन्ही देशांतील विवाहांचे वर्णन करणारी पत्रे वाचावयास दिली होती. आपल्याकडील विवाहाचे पत्र दोन्ही गटांनी अधिक वेगाने वाचले. अमेरिकी पत्रातील वधूने आजीचा विवाहपोशाख घातला होता. तेथे ही हौसेने पाळली जाणारी प्रथा आहे. एका भारतीय वाचकाने मात्र पोशाख फारच जुना व कालबाह्य असल्याचे लिहिले. अशी चूक शब्दकोशाने सुधारत नाही, कारण शब्द ओळखीचेच असतात. पत्रात त्या पोशाखाची स्तुती होती. लेखकाचा सूर आणि आपला तर्क यांतील अशी विसंगतीच विद्यार्थ्याला सावध करू शकते.