समद्विभुज त्रिकोण : पायालगतचे कोन समान का असतात?

ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू समान लांबीच्या असतात, त्याला समद्विभुज त्रिकोण म्हणतात. उरलेली तिसरी बाजू म्हणजे त्याचा पाया. या त्रिकोणाच्या पायालगतचे दोन्ही कोन समान असतात, हे आकृतीकडे पाहताच पटते. परंतु पटणे आणि सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने पाचव्या शतकात नोंदविल्यानुसार हे विधान प्रथम मांडण्याचे श्रेय थेलीस याला दिले जाते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ते पाचवे प्रमेय म्हणून सिद्ध केले आणि सहाव्या प्रमेयात त्याचा व्यत्यास दिला.

शालेय सिद्धता

△ABC मध्ये AB = AC हा पक्ष, आणि ∠B = ∠C हे साध्य. पाठ्यपुस्तकांतील नेहमीची रचना अशी : ∠BAC चा दुभाजक काढावा आणि तो BC ला जेथे छेदतो त्या बिंदूला D म्हणावे. यामुळे मूळ त्रिकोणाचे △ABD आणि △ACD असे दोन भाग होतात. त्यांत AB = AC हे पक्षानुसार, ∠BAD = ∠CAD हे रचनेनुसार, आणि AD ही बाजू दोहोंना सामाईक. समान कोन हा दोन समान बाजूंनी अंतर्भूत असल्याने बाकोबा कसोटी लागू होते. त्रिकोण एकरूप ठरले की त्यांचे संगत कोनही एकरूप; म्हणून ∠B = ∠C.

सिद्धता निर्दोष आहे. पण एका अटीवर. कोनदुभाजक कंपासने काढता येतो आणि त्या रचनेचे समर्थन बाबाबा कसोटीने केले जाते. शालेय अभ्यासक्रमात सर्व कसोट्या आधीच स्वीकारलेल्या असतात, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. युक्लिडच्या क्रमात मात्र कोनदुभाजकाची रचना नवव्या प्रमेयात येते. ती आठव्या प्रमेयावर, म्हणजे बाबाबा कसोटीवर उभी आहे; आठवे सातव्यावर, आणि सातवे पुन्हा पाचव्यावर! म्हणजे जे सिद्ध करायचे, तेच आडवाटेने गृहीत धरल्यासारखे होते.

हा चक्राकार तर्क टाळण्यासाठी युक्लिडने AB आणि AC या बाजू पायाच्या खाली वाढविल्या. त्यांवर समान अंतरावर F आणि G हे बिंदू घेतले आणि FC व GB जोडून बाकोबा कसोटी दोनदा वापरली : प्रथम △AFC व △AGB यांवर, नंतर △BFC व △CGB यांवर. युरोपातील विद्यार्थी येथे अडखळत. त्यामुळे या प्रमेयाला लॅटिनमध्ये ‘गाढवांचा पूल’ असे नाव पडले.

पॅपसची युक्ती

अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात सुचविलेला मार्ग याहून कितीतरी सोपा आहे. त्यात एकही नवी रेघ काढावी लागत नाही. एकाच त्रिकोणाकडे दोन प्रकारे पाहायचे : एकदा △ABC म्हणून, आणि एकदा △ACB म्हणून. A ची संगती A शी, B ची C शी आणि C ची B शी लावायची.

आता पहिल्यातील AB ही बाजू दुसऱ्यातील AC एवढी, पहिल्यातील AC ही दुसऱ्यातील AB एवढी, आणि त्यांमधील ∠A दोन्हींत तोच. बाकोबा कसोटीनुसार △ABC ≅ △ACB. म्हणून पहिल्यातील ∠B हा दुसऱ्यातील संगत ∠C एवढा. कागदी त्रिकोण उचलून, उलटा करून, पुन्हा स्वतःच्याच जागी ठेवावा, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे कागद उलटण्याची गरज नाही. शिरोबिंदूंचा क्रम बदलणे पुरते.

व्यत्यास : कोन समान, तर बाजू समान

एखादे विधान खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास खरा ठरत नाही. तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. येथे पक्ष ∠B = ∠C, साध्य AB = AC. पॅपसची युक्ती येथेही चालते. △ABC आणि △ACB यांत ∠B = ∠C, BC = CB आणि ∠C = ∠B. दोन कोन आणि त्यांमधील बाजू समान असल्याने कोबाको कसोटीनुसार त्रिकोण एकरूप, आणि म्हणून AB = AC. कोनदुभाजक AD काढूनही हे साधते. तेव्हा ∠B = ∠C, ∠BAD = ∠CAD आणि सामाईक AD यांमुळे कोकोबा कसोटी लागू होते.

चूक नेमकी कोठे होते?

व्यत्यास सिद्ध करताना अनेकजण दुभाजकाऐवजी मध्यगा काढतात. BC चा मध्यबिंदू M घेतला की BM = CM, AM सामाईक आणि ∠B = ∠C. तीन गोष्टी जुळल्या म्हणून त्रिकोण एकरूप, असे लिहून मोकळे होतात. परंतु ∠B हा AM आणि BM या बाजूंनी अंतर्भूत नाही. त्यांमधील कोन M पाशी आहे. ही ‘बाबाको’ जुळणी असून ती एकरूपतेची कसोटी नाही.

ती का नाही, हे एका उदाहरणावरून कळते. ∠B = ३०°, AB = १० सेंमी आणि AC = ६ सेंमी घेऊन त्रिकोण काढावा. A पासून पायाच्या रेषेचे लंबांतर ५ सेंमी येते. त्यामुळे A केंद्र धरून ६ सेंमी त्रिज्येचा कंस त्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो. एका त्रिकोणात BC सुमारे ५.३ सेंमी, तर दुसऱ्यात सुमारे १२ सेंमी. दिलेल्या तिन्ही गोष्टी सारख्या, तरी त्रिकोण वेगळे. म्हणूनच सिद्धता तपासताना ‘समान कोन समान बाजूंच्या मध्ये आहे का?’ हा प्रश्न आधी विचारावा.

नदीचे पात्र मोजताना

व्यत्यासाचा उपयोग प्रत्यक्ष मोजणीत होतो. पैलतीरावर काठालगत T हे झाड आहे आणि त्याच्या बरोबर समोर, ऐलतीरावर P येथे खुंटी ठोकली आहे. PT शी काटकोन करून सरळ काठाने चालत जावे. झाडाकडे पाहणारी दृष्टिरेषा काठाशी ४५° चा कोन करील तेथे Q ही दुसरी खुंटी रोवावी. △PQT मध्ये P पाशी ९०° आणि Q पाशी ४५°, म्हणून T पाशीही ४५° उरतात. दोन कोन समान. त्यांसमोरील बाजूही समान. म्हणजे PQ = PT. चाललेले अंतर ४० मीटर असेल तर पात्राची रुंदीही ४० मीटर.

अर्थात हे उत्तर कोनाच्या अचूकतेवर अवलंबून आहे. Q पाशी कोन ४५° ऐवजी ४६° असेल तर खरी रुंदी ४० नव्हे, सुमारे ४१.४ मीटर असते. सिद्धतेतील समानता पूर्ण असते. मोजणीतील समानता मोजणाऱ्याच्या उपकरणाइतकीच खरी असते.